उताणं पोहताना हात फिरतो कुठून?

बॅकस्ट्रोक शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगितलं जातं, "पाठीवर सपाट पडून राहा." त्या दिवसापुरती ही सूचना बरोबर असते. उताणं तरंगता येत नाही तोवर पुढचं काहीच जमणार नसतं. विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला तर असं निवांत पडून राहणं हीच पोहण्यातली चैन वाटायची. अडचण पुढे येते. तरंगणं जमतं, पाय मारणं जमतं, हात फिरू लागतात, आणि तरीही शिकणारा त्या पहिल्या दिवसाच्या सूचनेला धरून बसतो. धड सपाट ठेवून दोन्ही हात तेवढे खांद्यातून फिरवत राहतो. असं पोहून पंचवीस मीटर पार होतात, पन्नासही होतात. पण वेग वाढवायला गेलं की हात पाण्यावर सपासप आपटू लागतात. अंतर वाढवलं की काही आठवड्यांत खांदा पुढच्या बाजूने दुखायला लागतो.

अशा वेळी बहुतेक जण खांद्याचा व्यायाम शोधतात. माझं म्हणणं असं की आधी धडाकडे पाहावं. बॅकस्ट्रोकमध्ये शरीर डोक्यापासून पायांपर्यंतच्या सरळ रेषेभोवती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलतं. पोहणारे याला 'बॉडी रोल' किंवा नुसतं 'रोल' म्हणतात. चांगल्या पोहणाऱ्यांचे खांदे दोन्ही बाजूंना साधारण चाळीस ते पंचेचाळीस अंश कलतात, कंबर त्याहून थोडी कमी. डोकं मात्र हलत नाही. नियमही या कलण्याला भरपूर मोकळीक देतात. शर्यतीत पोहणारा पाठीवर असला पाहिजे, पण शरीराचा कल ९० अंशांच्या आत असेल तर तो पाठीवरच आहे असं मानलं जातं. म्हणजे सपाट राहण्याची सक्ती कोणीच केलेली नाही.

हा कल नेमकं काय करतो, हे पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर समजून घेता येतं. उभे राहा. उजवा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ पसरा, तळवा समोर ठेवा. आता छाती अजिबात न वळवता तो हात मागे न्यायचा प्रयत्न करा. थोडं अंतर गेल्यावर हात अडतो आणि खांद्याच्या पुढच्या भागात ताण जाणवतो. जोर लावू नका, तिथेच थांबा. आता छाती आणि कंबर उजवीकडे वळू द्या. हात कितीतरी मागे गेला आणि खांद्यावरचा ताण मात्र वाढला नाही. बॅकस्ट्रोकच्या प्रत्येक हातात हेच घडायचं असतं. खांद्याच्या सांध्याला मागे जायला जागा थोडी असते. उरलेली जागा धडाने वळून द्यायची असते.

खांदा असा का आहे, हे त्याच्या रचनेत आहे. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल आहे आणि ते ज्या खोबणीत बसतं ती फार उथळ आहे. म्हणूनच हात इतक्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो सांध्यातून सरकण्याचा धोकाही असतो. गोल टोकाला खोबणीच्या मध्यावर धरून ठेवण्याचं काम चार लहान स्नायू करतात. त्यांच्या गटाला रोटेटर कफ म्हणतात. हात उचलणारे आणि ओढणारे मोठे स्नायू वेगळे. खांद्याच्या गोलाईवरचा डेल्टॉइड हात वर उचलतो. कमरेपासून काखेपर्यंत पसरलेला लॅटिसिमस डॉर्सी, ज्याला व्यायामशाळेत सगळे 'लॅट्स' म्हणतात, आणि छातीचा मोठा स्नायू मिळून हात खाली ओढतात. मोठे स्नायू जोर लावत असताना लहान चौघांनी हाड जागेवर राखायचं, अशी ही वाटणी आहे. हात सोयीच्या दिशेत असेल तर हे काम त्यांना झेपतं. गैरसोयीच्या दिशेत तेच स्नायू हजारो वेळा राबले की सुजतात.

ही सोयीची दिशा कोणती? खोबण असते पाठीवरच्या त्रिकोणी हाडाला, म्हणजे खवाट्याला. खवाटा फासळ्यांच्या गोलाईवर टेकलेला असतो, त्यामुळे त्याची खोबण सरळ बाजूला तोंड करून नसते, ती साधारण तीस अंश पुढे वळलेली असते. हात बाजूला सरळ पसरून तीस अंश पुढे आणला की दंडाचं हाड आणि खवाटा एका पातळीत येतात. या पातळीत हात वर नेला तर चारही लहान स्नायूंवर भार बऱ्यापैकी सारखा पडतो. फिजिओथेरपिस्ट दुखऱ्या खांद्याचे व्यायाम बहुधा याच पातळीत सुरू करून घेतात.

आता हे पाण्यात नेऊ आणि हाताचा हवेतला प्रवास पाहू. याला 'रिकव्हरी' म्हणतात. मांडीपाशी ओढ संपवलेला हात पाण्याबाहेर येतो, डोक्यावरून जातो आणि पुन्हा पाण्यात शिरतो. बॅकस्ट्रोकमध्ये हा हात कोपरात सरळ असतो आणि मनगट सैल. अर्ध्या वाटेवर तो छताकडे, अगदी उभा असतो. समजा, पोहणारा सपाट पडला आहे. मग उभा हात त्याच्या छातीशी काटकोनात, म्हणजे बाजूच्या दिशेपासून ९० अंशांवर असतो. सोयीची पातळी आहे ३० अंशांवर. फरक पडला साठ अंशांचा. आता तोच पोहणारा चाळीस अंश कलला आहे आणि हवेतल्या हाताचा खांदा वर आला आहे असं धरा. हात अजूनही छताकडेच उभा आहे, पण धड त्याच्याखाली वळलं आहे. त्यामुळे हात आणि शरीराची बाजू यांत आता पन्नास अंशच उरले, आणि सोयीच्या पातळीपासूनचा फरक वीसवर आला. खवाटा फासळ्यांवरून पुढेमागे सरकतो, म्हणून प्रत्यक्षात हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण दिशा हीच राहते: बाहेरून दोन्ही हात सारखेच उभे दिसले तरी सांध्याच्या आतली परिस्थिती अगदी वेगळी असते.

कललेल्या शरीराचा दुसरा फायदा साधा आहे. वर आलेला खांदा पाण्याबाहेर असतो. सपाट पोहणाऱ्याचा खांदा पाण्यातच राहतो आणि हात उचलताना प्रत्येक वेळी पाणी ढकलत, फेस काढत पुढे जातो. म्हणून प्रशिक्षक सांगतात की हात उचलू नका, खांदा उचला. आधी खांदा पाण्याबाहेर, मग दंड, शेवटी हात. हा क्रम उलटा झाला, म्हणजे हात वर गेला आणि खांदा पाण्यातच राहिला, तर रोल उशिरा होतो आहे असं समजावं.

रिकव्हरीचा पुढचा अर्धा भाग अधिक नाजूक आहे आणि खांद्याचं बरंचसं दुखणं तिथे जन्म घेतं. पाण्याबाहेर येताना बहुतेक प्रशिक्षक अंगठा वर ठेवायला शिकवतात, तळवा मांडीकडे. पाण्यात शिरताना मात्र करंगळी आधी शिरायला हवी, तळवा बाहेरच्या बाजूला. म्हणजे वाटेत हात स्वतःभोवती वळतो. हे वळणं थोडं कोपराखालून होतं आणि उरलेलं खांद्यातून, आणि खांद्यातलं वळण आतल्या दिशेचं असतं. आतल्या दिशेने वळवलेला हात डोक्यावर नेणं खांद्याला आवडत नाही. कारण खवाट्याचं एक टोक सांध्यावर छपरासारखं आलेलं असतं. त्या छपराच्या आणि दंडाच्या हाडाच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून रोटेटर कफचा कंडरा जातो. आत वळलेला हात वर गेला की हाडाचा उंचवटा छपराखाली येतो आणि कंडरा चिमटला जातो.

अस्थिरोगतज्ज्ञ दुखऱ्या खांद्याची एक चाचणी करतात. ती अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांच्या नावाने ओळखली जाते. डॉक्टर एका हाताने रुग्णाचा खवाटा दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने रुग्णाचा सरळ हात, अंगठा खाली वळवून, समोरून डोक्यावर नेतात. कळ आली तर कंडरा चिमटला जात असल्याचा संशय घेतात. ही हालचाल नीट पाहिली तर ती बॅकस्ट्रोकची रिकव्हरीच आहे. फरक एवढाच की चाचणीत डॉक्टरांनी खवाटा धरून ठेवलेला असतो आणि पोहताना तो मोकळा असायला हवा. हात डोक्यावर जातो तेव्हा साधारण दोन तृतीयांश हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक तृतीयांश खवाट्याच्या वर फिरण्याने. खवाटा फिरला की छप्परही वर सरकतं आणि कंडऱ्याला वाट मिळते. हे फिरवण्याचं मुख्य काम काखेखाली फासळ्यांवर असलेला सेरेटस अँटिरियर हा स्नायू आणि मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस मिळून करतात. सेरेटस थकला की खवाटा मागे राहतो. मग पोहणारा आपल्याच खांद्यावर ती डॉक्टरांची चाचणी करत राहतो, आणि एका सरावात शेकडो वेळा करतो.

'स्विमर्स शोल्डर' हे नाव कॅनडातल्या केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी १९७४ मध्ये वापरलं. पोहणाऱ्यांचं दुखणं एका स्वतंत्र नावाने ओळखावं इतकं ते नेहमीचं होतं. त्यात बॅकस्ट्रोकवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वळवण्याची वेळ. हात छताकडे उभा होऊन पुढे गेल्यावर तळवा बाहेर वळवावा. पाण्याबाहेर पडताक्षणी हात वळवून टाकणारे पुष्कळ असतात. ते अख्खा प्रवास चिमटलेल्या स्थितीत करतात.

हात पाण्यात कुठे शिरतो, हेही महत्त्वाचं. तो खांद्याच्या सरळ रेषेत किंवा तिच्या किंचित बाहेर शिरायला हवा. डोकं बारा वाजण्याच्या जागी मानलं, तर एक हात अकराच्या आणि दुसरा एकच्या जागी. अनेकांना वाटतं की आपला हात तिथेच पडतो, पण प्रत्यक्षात तो डोक्यामागे, बाराच्याही पलीकडे जातो. असा हात पाण्यात शिरला की कंबर विरुद्ध बाजूला फेकली जाते आणि शरीर नागमोडी जातं. पोहणाऱ्याला ते कळत नाही, त्याला फक्त लेनची दोरी पुन्हापुन्हा लागते. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे दहा आणि दोनच्या जागी हात टाकायला सांगणं. मनाला तो फार बाहेर गेल्यासारखा वाटतो, आणि पडतो बरोबर जागी.

आतापर्यंत हवेतल्या हाताबद्दल बोललो. पण त्याच क्षणी दुसरा हात पाण्याखाली ओढत असतो, आणि दोन्ही खांदे तराजूच्या दांडीसारखे जोडलेले आहेत. एक वर गेला तेवढा दुसरा खाली जाणारच. हवेतल्या हाताला सोय करून देणारा कल पाण्यातल्या हाताला खोली देतो. किती, ते मोजून पाहू. मध्यम बांध्याच्या माणसाच्या पाठीच्या कण्यापासून खांद्यापर्यंत सुमारे वीस सेंटिमीटर अंतर धरू आणि खांद्यापासून कोपरापर्यंत तीस. दंड शरीराच्या बाजूला सरळ पसरलेला आहे, मागे अजिबात खेचलेला नाही. शरीर चाळीस अंश कललं, तर खांदा कण्याच्या पातळीपेक्षा तेरा सेंटिमीटर खाली जातो आणि कोपर सुमारे बत्तीस सेंटिमीटर. आता सपाट शरीराने कोपर तेवढंच खाली न्यायचं ठरवलं तर? दंडच तीस सेंटिमीटरचा आहे. तो पाठीमागे सरळ लोंबला तरी बत्तीस होत नाहीत, आणि तसा तो लोंबणार नाही हे वर केलेल्या प्रयोगात दिसलंच आहे.

म्हणून सपाट पोहणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे हात पृष्ठभागाजवळून ओढणं. तिथे हवा शिरते, बुडबुडे निघतात, पाणी हातातून निसटतं, आणि कितीही भराभर हात मारले तरी शरीर पुढे सरकत नाही. दुसरी वाट म्हणजे दंड जोराने मागे खेचणं. तेव्हा दंडाच्या हाडाचं गोल टोक खोबणीत पुढे ढकललं जातं आणि सांध्याचं पुढचं वेष्टण ताणलं जातं. लवचीक सांध्यांच्या मुलांना ही दुसरी वाट सहज जमते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचं कौतुकही वाटतं. पण वेष्टण एकदा सैल झालं की लहान स्नायूंना दुप्पट राबावं लागतं. खांदा जास्त लवचीक असणं ही बॅकस्ट्रोकमध्ये निव्वळ जमेची बाजू आहे, असं मी मानत नाही.

शरीर नीट कललं की पाण्यातला हात कसा दिसतो? करंगळीच्या बाजूने शिरलेला हात खांद्याबरोबर खाली जातो. मग कोपर वाकतं आणि तळाकडे रोखलं जातं. बोटं बाजूला वळतात, तळवा पायांकडे तोंड करतो. ओढीच्या मध्यावर कोपर साधारण काटकोनात असतं. या स्थितीत लॅट्स आणि छातीचा स्नायू, दोन्ही मोठे स्नायू, चांगल्या लांबीतून जोर लावू शकतात. नंतर कोपर सरळ होतं आणि तळवा कमरेखाली, तळाकडे दाबत मांडीपाशी थांबतो. ही शेवटची दाब फार उपयोगी असते. पाणी खाली दाबलं जातं आणि उलट जोराने तोच खांदा वर उचलला जातो. म्हणजे ओढ जिथे संपते तिथेच त्या हाताची रिकव्हरी सुरू होते. ज्याचा हात मांडीपर्यंत न येता कमरेपाशीच बाहेर पडतो, त्याला ही मदत मिळत नाही. मग तो खांदा डेल्टॉइडच्या जोरावर उचलतो आणि लवकर थकतो.

इतिहासातही ही सांगड दिसते. ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक १९०० साली पॅरिसला आला. त्या काळी अनेक जण दोन्ही हात एकदम डोक्यावरून नेत. दोन्ही हात एकाच वेळी वर असतील तर शरीर कलू शकत नाही, कारण दोन्ही खांदे एकाच वेळी वर येऊ शकत नाहीत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या हॅरी हेब्नर यांनी हात आळीपाळीने मारून शंभर मीटर बॅकस्ट्रोक जिंकली, आणि तीच पद्धत रूढ झाली. पुढे १९३६ मध्ये बर्लिनला अ‍ॅडॉल्फ कीफर जिंकले ते सरळ हाताने, पृष्ठभागाजवळून ओढून. कोपर वाकवून खोल ओढण्याची पद्धत नंतर आली, आणि तिच्याबरोबर मोठा रोलही आला. पूर्व जर्मनीचे रोलंड मात्थेस यांनी १९६८ आणि १९७२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये शंभर आणि दोनशे मीटर बॅकस्ट्रोक जिंकली. त्यांच्या पोहण्याची जुनी चित्रफीत मिळाली तर जरूर पाहावी. पाण्याबाहेर शिंतोडा जवळजवळ नाही आणि डोकं जागचं हलत नाही.

डोकं न हलणं हा रोलचा अर्धा भाग आहे. कान पाण्यात, नजर सरळ वर किंवा किंचित पायांच्या दिशेला, हनुवटी ना छातीला टेकलेली ना आकाशाकडे ताणलेली. खांदे डोक्याखाली फिरतात. डोकंही खांद्यांबरोबर फिरू लागलं तर अक्षच सुटतो आणि कंबर झोलकांड्या खाते. याचा सराव अनेक ठिकाणी कपाळावर अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून घेतात. पेला पडला की दोष लगेच कळतो. आपल्याकडचे बरेच महापालिकेचे तलाव उघडे आहेत. तिथे वर छताची रेघ नसते, आणि आकाशाकडे पाहून सरळ जाणं कठीण असतं. अशा वेळी बाजूच्या लेनच्या दोरीचं अंतर डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत राहावं. भिंतीपासून पाच मीटरवर लावलेल्या पताका दिसल्या की उरलेले हात मोजावेत, मान वळवून मागे पाहू नये.

रोल घडवतं कोण? फक्त खांद्याने तो होत नाही. एका हाताच्या पूर्ण फेरीत सहसा सहा वेळा पाय मारले जातात, आणि कमरेतून येणारे ते फटके शरीराला एका बाजूकडून दुसरीकडे न्यायला मदत करतात. पाय थांबले की कंबर खाली जाते, शरीर तिरपं होतं आणि रोलला आधार उरत नाही. शिवाय हवेतल्या हाताचं वजन असतंच. एक हात शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के भरतो. साठ किलोच्या माणसाचा तीन किलो. पाण्यात असताना हे वजन पाणी पेलतं, बाहेर आल्यावर ते शरीराला खाली दाबतं. म्हणून हात वर नेऊन तिथे रेंगाळणं महागात पडतं. एक हात पाण्यात शिरतो त्याच सुमाराला दुसरा मांडीपाशी ओढ संपवतो, आणि दोन्ही हात सतत एकमेकांच्या विरुद्ध टोकांना राहतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. समजा, सोळा वर्षांची एक मुलगी आठवड्यातून पाच दिवस सराव करते, दोनशे मीटर बॅकस्ट्रोक हा तिचा प्रकार. उजवा खांदा पुढून दुखतो, विशेषतः सरावाच्या उत्तरार्धात, हात पाण्यात शिरताना. पहिला संशय उजव्या हातावर जातो. पण प्रशिक्षकाने तिच्या डोक्याच्या दिशेला, भिंतीपाशी उभं राहून फोनवर चित्रण केलं, तर वेगळंच दिसतं. डावा हात छताकडे उभा असताना डावा खांदा पाण्याच्या स्पष्ट वर येतो. उजवा हात उभा असताना उजवा खांदा पाण्यातच राहतो. म्हणजे शरीर उजवीकडे नीट कलतं, डावीकडे कलतच नाही. डावीकडे कलायचं तेव्हा पाण्यात असतो डावा हात. तो पाहिला तर दिसतं की तो करंगळीने शिरत नाही, हाताची मागची बाजू पाण्यावर पडते, 'फट्ट' आवाज येतो, आणि हात पृष्ठभागाजवळूनच बाहेरच्या बाजूने ओढला जातो. डावा खांदा खाली जात नाही म्हणून उजवा वर येत नाही, आणि उजव्या हाताला साठ अंशांच्या गैरसोयीतून डोक्यावर जावं लागतं. दुखणं उजव्या खांद्यात आहे, पण दोष डाव्या हातात आहे.

यावर उपाय असा. आधी डॉक्टरांना दाखवून खांद्याला इजा नाही ना, याची खात्री करायची. अंतर कमी करायचं. मग दोन्ही हात मांडीपाशी ठेवून नुसते पाय मारायचे. सहा फटके होईपर्यंत उजवा खांदा पाण्याबाहेर धरायचा, मग सहा फटके डावा. डोकं स्थिर. जिथे कंटाळा येतो किंवा तोल जातो तीच कमकुवत बाजू असते, आणि या मुलीची ती डावीकडे कलण्याची असणार. हे जमलं की उजवा हात मांडीपाशी ठेवून फक्त डाव्या हाताने पोहायचं. डावा हात शिरताना डावा खांदाही त्याच्यासोबत खाली जाऊ द्यायचा, आणि त्याच वेळी उजवा खांदा, हात न हलवता, पाण्याबाहेर येतो का ते पाहायचं. मग शेवटी दोन्ही हात. घाई केली तर जुनी सवय पहिल्या पन्नास मीटरमध्येच परत येते, म्हणून सुरुवातीला पंचवीस पंचवीस मीटरच, आणि थकवा आला की थांबायचं. जमिनीवर सेरेटससाठी एक सोपा व्यायाम पुरतो: भिंतीला दोन्ही तळवे टेकून, कोपरं सरळ ठेवून, छाती भिंतीपासून दूर ढकलायची आणि परत सोडायची. त्यात फक्त खवाटे सरकतात.

रोल जास्तही होऊ शकतो. साठ सत्तर अंश कलणाऱ्याला परत दुसरीकडे यायला वेळ लागतो, हातांची लय तुटते आणि पाय एकमेकांवर चढू लागतात. पन्नास मीटरच्या वेगवान शर्यतीत हात भराभर फिरतात आणि रोल आपोआप थोडा कमी होतो, त्यात चूक काही नाही. ज्यांच्या पाठीचे स्नायू आणि लॅट्स आखडलेले आहेत, अशा चाळिशीपुढच्या लोकांचा हात कानापाशी जातच नाही. त्यांनी पाठ जमिनीला टेकून झोपावं, गुडघे वाकवावेत आणि दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. हात जमिनीला टेकण्याआधी कंबर उचलली जात असेल, तर पाण्यात हात थोडा अधिक बाहेर, दहा आणि दोनच्या जागी टाकणं हेच त्यांच्यासाठी बरोबर आहे. पुस्तकातल्या आकृतीशी जुळवायला जाऊ नये.

पोहून झाल्यावर स्नायू भरून येणं आणि सांध्यात कळ येणं यांत फरक करायला शिका. भरून आलेले लॅट्स एक दोन दिवसांत मोकळे होतात. हात डोक्यावर नेताना खांद्याच्या पुढे किंवा वर टोचणारी कळ येत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा खांदा सरकल्यासारखा वाटत असेल, तर त्यावर जास्त सराव हा उपाय नाही. पोहणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. जाताना डोक्याच्या दिशेने घेतलेलं एक छोटं चित्रण सोबत न्या, दोन्ही हात उभे असतानाचे खांदे त्यात स्पष्ट दिसतील असं.